ग्राइंडरची तीन मिलिमीटरची पट्टी अर्जात लिहायची का?

सर, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मिरज एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये वर्षभर अप्रेंटिस होतो. नंतर खासगी संस्थेतून सहा महिन्यांचा फायर अँड सेफ्टीचा कोर्स केला. आता कुपवाडच्या एका कंपनीत ज्युनिअर सेफ्टी ऑफिसरची जागा निघाली आहे. शीट मेटलचे पार्ट बनवतात, प्रेस शॉप आहे, दोनेकशे माणसं असतील. अर्जासोबत कव्हर लेटर मागितलंय. मी लिहिलंय ते असं: "मी मेहनती, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय आहे. मी क्वालिफाइड सेफ्टी ऑफिसर असून झिरो ॲक्सिडेंट हेच माझं ध्येय आहे. संधी दिल्यास कंपनीतले अपघात शून्यावर आणून दाखवेन." वाचल्यावर मलाच ते कुणाचंही वाटतं. माझ्याकडे लिहिण्यासारखा अनुभव नाही. अप्रेंटिस असताना एकदा ग्राइंडरचा टूल रेस्ट चाकापासून लांब गेलेला दिसला, मोजला तर 11 मिमी. फोरमनना सांगितलं, फिटरदादांनी तो जवळ घेतला, आणि मी 3 मिमीची पट्टी कापून साखळीने तिथं अडकवली. महिन्याभरात कुणीतरी ती पॅकिंगला काढून नेली. मग लाल रंगाची नवी केली आणि कडी वेल्ड करून घेतली, ती राहिली. पण एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं? काय लिहू ते सांगा.
— एक वाचक, तासगाव

तुझ्या वयाचा पुतण्या घरात आहे, म्हणून तुला 'तू'च म्हणतो.

तुझं कव्हर लेटर तुझ्या या पत्राच्या शेवटच्या पाच-सहा ओळींत आधीच लिहून झालंय. अवतरणातल्या तिन्ही ओळी काढून टाक आणि ग्राइंडर वर आण. मी 26 वर्षं कारखान्यांत सेफ्टीचं काम केलं, त्यातली शेवटची अकरा सातारा एमआयडीसीत. ज्युनिअरच्या जागेसाठी आलेले अर्ज दरवेळी माझ्याच टेबलावर यायचे. "शिस्तप्रिय" आणि "प्रामाणिक" जवळजवळ प्रत्येकात असायचं. कुणी काहीतरी मोजलंय, असं लिहिलेला अर्ज क्वचित यायचा. तो आला की मी खुर्ची पुढं ओढून वाचायचो.

दोनशे माणसांच्या कारखान्यात हा अर्ज एचआरच्या हातून प्लांट हेडकडं जातो. त्याला त्या दिवशी डिस्पॅच गाठायचा असतो, एक प्रेस बंद असतो, संध्याकाळी कस्टमरचा फोन येणार असतो. तुझ्या कागदाला तो मिनिटभर देतो. त्या मिनिटात तो एकच गोष्ट शोधतो: हा पोरगा शॉपमध्ये सोडला तर याला काही दिसेल का, आणि दिसलं तर तो ते माणसांशी न भांडता दुरुस्त करून घेईल का? तुझ्या ग्राइंडरमध्ये या दोन्हींचं उत्तर आहे. तू ते किरकोळ समजलास, कारण तिथं कुणाचं बोट तुटलं नाही. आपल्या कामात बोट न तुटलेल्याच गोष्टी सांगण्यासारख्या असतात.

आता ती गोष्ट तुला स्वतःला पुरती कळलेली आहे का, ते आधी बघू. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथंच येणार: तीन मिलिमीटरच का?

पेडेस्टल ग्राइंडरवर जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, हातात धरून टूल रेस्टवर टेकवतात आणि चाकाला लावतात. चाक खालच्या दिशेनं फिरत असतं, म्हणजे ते जॉबला रेस्टवर दाबत असतं. रेस्ट आणि चाक यांच्यातली फट लहान असली तर जॉबला आत शिरायला जागाच नसते. फट मोठी झाली की छोटा जॉब किंवा टूलचं टोक खाली झुकतं, चाक त्याला फटीत ओढतं आणि तो पाचरीसारखा अडकतो. त्या क्षणी दोनपैकी एक होतं. एक तर जॉब धरलेली बोटं त्याच्या मागोमाग चाकावर जातात, नाहीतर अडकलेल्या जॉबच्या धक्क्यानं चाकच तडकतं. 200 मिमीचं चाक मिनिटाला 2800 फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगानं सुटलेला तुकडा समोरच्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर येतो. म्हणून रेस्टची फट 3 मिमीच्या आत ठेवायची, असा शॉपमधला नियम. वरच्या बाजूला गार्डची जी जीभ असते, तिची फट 6 मिमीच्या आत.

फट वाढते ती कुणी रेस्ट मागं सरकवला म्हणून नाही, हे तुला नक्की सांगता आलं पाहिजे. रेस्ट जागच्या जागी असतो, चाक झिजतं. फट 3 वरून 11 झाली म्हणजे चाकाची त्रिज्या 8 मिमीनं आणि व्यास 16 मिमीनं कमी झाला. 200 चं चाक 184 वर आलं तोवर रेस्टच्या बोल्टला कुणी पाना लावला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. एकाही माणसानं चूक केली नाही आणि तरी धोका तयार झाला. हे वाक्य जो स्वतःच्या शब्दांत बोलू शकतो त्याला प्लांट हेड बसायला सांगतो, कारण तो शॉपमध्ये जाऊन पहिल्यांदा "हे कुणी केलं?" असं ओरडणार नाही, हे त्याला कळतं.

आणि तुझी पट्टी. तू ती का केलीस हे पत्रात लिहिलेलं नाहीस, पण मला वाटतं कारण तुला आतून माहीत होतं. फिटरनं रेस्ट एकदा जवळ घेतला तरी चाक झिजायचं थांबत नाही, फट पुन्हा वाढणारच. दर सोमवारी चेकलिस्टवर टिक मारायची पद्धत अनेक ठिकाणी असते, पण टूल रूममध्ये एखाद्या दिवशी खूप टूलं पाजळली की पुढच्या सोमवारची वाट न बघता फट पाच-सहावर जाते. पट्टी तिथंच टांगलेली असली की चाक चालू करण्याआधी ऑपरेटर स्वतः ती फटीत घालून बघतो. सहज आरपार गेली तर फट मोठी, फिटरला हाक मारायची. मोजमाप सेफ्टीच्या माणसाच्या फायलीतून निघून ते काम करणाऱ्याच्या हातात गेलं. तुझ्या सगळ्या पत्रातली सगळ्यात हुशारीची गोष्ट ही आहे.

मात्र तिची मर्यादाही ओळखून ठेव, कारण समोरचा जाणता असेल तर तिथंच बोट ठेवेल. पट्टी फक्त फट सांगते. चाकाला आत तडा गेला आहे का, हे ती सांगत नाही. त्यासाठी नवं चाक बसवण्याआधी ते टांगून लाकडी मुठीनं हलकेच वाजवून बघतात. चांगलं चाक स्वच्छ वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. चाकावर छापलेला जास्तीत जास्त वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हेही पट्टी सांगत नाही. "पट्टीनं ग्राइंडर सुरक्षित झाला" असं लिहू नकोस. "फट रोज तपासली जाऊ लागली" एवढंच लिही. खरं तेवढंच आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

लिहिताना क्रम शॉपमधल्या निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताच्या, रिपोर्टचा ठेव. काय दिसलं, किती होतं, त्यातून काय होऊ शकलं असतं, कुणाला सांगितलं, काय केलं, पुढं काय झालं. यातली शेवटची गोष्ट बहुतेक पोरं गाळतात. पहिली पट्टी महिन्याभरात गायब झाली हे तूही गाळणार होतास, असं मला वाटतं. गाळू नकोस. आपण केलेला उपाय टिकला का, हे पुन्हा जाऊन बघणारा माणूस शंभरात एखादा असतो. आणि पट्टी कुणी नेली ते शोधत बसण्यापेक्षा ती नेता येणार नाही अशी केली, हे त्याहून चांगलं. पॅकिंगला हाताशी आलेला पत्र्याचा तुकडा कोण सोडेल? लाल रंग दिल्यावर तो तुकडा राहिला नाही, ती वस्तू झाली.

आणखी एक बारकावा. रेस्ट जवळ घेताना मेन स्विच बंद होता का, चाक पूर्ण थांबलं होतं का? ग्राइंडरचं चाक स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं, आणि घाईत माणसं फिरत्या चाकाशीच रेस्टचा बोल्ट सैल करतात. तुझ्या फिटरदादांनी थांबवून केलं असेल तर तसं सहा शब्दांत लिही. केलं नसेल तर लिहू नकोस, पण पुढं कधी असं दिसलं तर थांबव. तू स्वतः पाना हातात घेतला नाहीस, फोरमनला सांगून फिटरकडून करून घेतलंस, हेही लिहायचं. सेफ्टीच्या नव्या माणसाचा पहिला अपघात बऱ्याचदा स्वतः दुरुस्ती करायला गेल्यामुळं होतो.

मिरजच्या त्या शॉपचं नाव तुझ्या बायोडेटात येणारच, तिथं ते बरोबर आहे. पण कव्हर लेटरमध्ये "तिथं सेफ्टीकडं कुणाचं लक्ष नव्हतं" अशी एकही ओळ नको, आणि मोबाइलवर काढलेला तिथला फोटो तर मुळीच जोडू नकोस. एका कारखान्यातली उणीव दुसऱ्या कारखान्यात जाऊन दाखवणारा माणूस उद्या आपलीही दाखवेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं, आणि ते रास्त आहे. फट तुझ्या शॉपमध्ये होती आणि ती तिथल्याच माणसांनी बुजवली, असं लिही.

आता "झिरो ॲक्सिडेंट". ही ओळ तू पोस्टरवरून घेतलीस, त्यात तुझा दोष नाही. 4 मार्चच्या सुरक्षा दिनाला ती प्रत्येक गेटवर लागते. पण नोकरी मागणाऱ्यानं "अपघात शून्यावर आणून दाखवेन" असं लिहिलं की माझ्यासारख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. कायद्यानं अपघात झालेला कामगार 48 तास किंवा त्याहून जास्त काम करू शकला नाही तर त्याची सूचना सरकारी कार्यालयाला द्यावी लागते. ज्या ठिकाणी बोर्डावर शून्य ठेवायचा हट्ट असतो, तिथं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या उमेदीच्या काळात एका कारखान्यात हाताला प्लास्टर घातलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणला आणि टाइम ऑफिसात बसवला. हजेरी लागली, शून्य टिकला, आणि त्या मशीनचं गार्ड तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी त्याच मशीनवर दुसऱ्या माणसाचा हात गेला. मी तेव्हा ज्युनिअर होतो आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं मला आजही बोचतं.

म्हणून तू आकड्याचं वचन देऊ नकोस. टक्के तर नकोतच. दोनशे माणसांच्या कारखान्यात वर्षाला तीन अपघात होत असतील आणि पुढच्या वर्षी दोन झाले, तर ते 33 टक्के कमी झाले असं कागदावर दिसतं. पण एवढ्या लहान आकड्यात एखाद-दुसरा फरक नशिबानंही पडतो. त्याऐवजी तू काय करशील ते लिही: रोज शॉपमध्ये फेरी, दिसलेल्या निअर मिसची नोंद, आणि ती बंद झाली का हे पुन्हा जाऊन बघणं. पहिले काही महिने नोंदी वाढतील, हेही लिहिलंस तर मी तुला तिथल्या तिथं बोलावलं असतं. बघणारा माणूस आला की नोंदी वाढतातच. तो कारखाना बिघडत नसतो, त्याचं जे झाकलेलं होतं ते दिसायला लागतं.

दुसरी काढायची ओळ "क्वालिफाइड सेफ्टी ऑफिसर". इथं जरा थांबून ऐक, कारण यात फसगत झालेली पोरं सांगली-साताऱ्यात मी खूप बघितली आहेत.

सेफ्टी ऑफिसर हा शब्द आपल्याकडं दोन अर्थांनी चालतो. एक कायद्यातला. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 40-ब होतं. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, आणि जिथं काम विशेष धोक्याचं आहे असं राज्य सरकारला वाटतं तिथं, सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, असं ते सांगायचं. त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत ती संख्या 500 वर आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांसाठी 250 वर आणली आहे. त्या जागेसाठी पात्रता ठरलेली असते. महाराष्ट्राचे त्यासाठी 1982 चे वेगळे नियम आहेत. डिप्लोमा इंजिनिअरला कारखान्यात सुपरवायझर म्हणून केलेल्या कामाचा अनुभव लागतो आणि वर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो. हा डिप्लोमा म्हणजे आपल्याकडं सहसा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा मुंबईत शीवला असलेल्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा. खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा फायर अँड सेफ्टी कोर्स त्यात बसत नाही, मग सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का कितीही मोठा असो. अप्रेंटिसचं वर्षही सुपरवायझरचा अनुभव म्हणून धरता येत नाही.

दुसरा अर्थ कंपनीच्या आतला. कुपवाडच्या त्या कारखान्यात दोनेकशेच माणसं असतील तर जाहिरातीतली जागा बहुधा कंपनीनं स्वतःच्या गरजेनं काढलेली आहे. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांकडं मोठ्या कस्टमरचे ऑडिटर येतात आणि सेफ्टीचं कोण बघतं असं विचारतात. तिथं त्यांना फेऱ्या मारणारा, परमिट लिहिणारा, फायर एक्स्टिंग्विशरच्या तारखा सांभाळणारा पोरगा हवा असतो. त्या कामाला तू पुरेसा आहेस. पण "क्वालिफाइड" हा शब्द लिहिलास की वाचणारा पहिल्या अर्थानं घेतो, कागद मागतो, आणि कागद निघत नाही. मग ग्राइंडरची खरी गोष्टसुद्धा त्याला खोटी वाटायला लागते. संस्थेचं नाव आणि कोर्सचा काळ जसा आहे तसा लिही. "मान्यताप्राप्त डिप्लोमा करायचा माझा विचार आहे" हे खरं असेल तर तेही लिही, पण खरं असेल तरच. आणि माझं ऐकशील तर तो विचार खरा कर, कारण त्याच्याशिवाय 'ज्युनिअर' हा शब्द पुढं निघणार नाही.

त्याच 1982 च्या नियमांत एक अट आहे, तिच्याकडं फार कमी जणांचं लक्ष जातं: त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा सेफ्टी ऑफिसरला पुरेशी यायला हवी. ज्युनिअरच्या जागेला ती अट लागू नसली तरी तिच्यामागचं शहाणपण लागू आहे. कुपवाडच्या शॉपमध्ये तुला मराठी भेटेल, उत्तरेकडून आलेल्या पोरांची हिंदी भेटेल, आणि जत-मिरजेकडच्या, सीमेपलीकडच्या माणसांची कानडी. तुला मोडकीतोडकी कानडी येत असेल तर ती बायोडेटाच्या तळाशी टाकू नकोस, पत्रात आण. "हात काढ" हे दोन शब्द योग्य भाषेत, योग्य क्षणी ओरडता येणं हे आपल्या धंद्यात सर्टिफिकेटइतकं मोलाचं आहे.

शेवटी त्यांच्या कारखान्याबद्दल दोन ओळी. तू ग्राइंडरचा माणूस, ते प्रेसचे. पॉवर प्रेसवर तू काम केलेलं नाहीस, तर तसंच लिही, लपवू नकोस. पण तिथं काय बघायचं हे तुला ठाऊक आहे, एवढं दिसू दे. प्रेसवर दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम खाली यावा म्हणून. पीस-रेटच्या घाईत एक बटण चिंधीनं किंवा लाकडाच्या पाचरीनं दाबून बांधून ठेवतात, मग एक हात मोकळा होतो आणि तोच डायमध्ये जातो. लांबून सगळं नीट चाललेलं दिसतं, जवळ जाऊन ऑपरेटरचा दुसरा हात कुठं आहे ते बघितलं तरच कळतं. तसंच डाय बसवताना रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवला आहे का ते बघायचं, कारण नुसतं स्विच बंद करून वर थांबलेला रॅम खाली येणारच नाही असं धरता येत नाही. हे दोन मुद्दे तुझ्या ग्राइंडरच्याच जातीचे आहेत. कुणाला वाईट करायचं नसतं, कामाच्या ओघात संरक्षण बाजूला पडतं. तो धागा पत्रात जोड.

खाली मी मजकूर करून देतो. कंपनीनं जाहिरात इंग्रजीत दिली असेल तर पत्र इंग्रजीतच पाठव, पण आधी मराठीत पक्कं कर आणि मग साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी कर. इंटरनेटवरच्या नमुन्यात हे बसवायला जाऊ नकोस, पुन्हा "मेहनती आणि प्रामाणिक" परत येतील. जे तुझ्या बाबतीत खरं नसेल ते बदल. स्विच, कानडी आणि पुढच्या डिप्लोमाच्या ओळी मी अंदाजानं घातल्या आहेत.

"महोदय,

ज्युनिअर सेफ्टी ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करत आहे. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला असून मी मिरज एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये एक वर्ष अप्रेंटिस होतो.

तिथं पेडेस्टल ग्राइंडरचा टूल रेस्ट आणि चाक यांच्यातली फट मला मोठी दिसली. मोजली तेव्हा ती 11 मिमी होती, ती 3 मिमीच्या आत हवी. चाक झिजत गेलं आणि रेस्ट पुढं घेतला गेला नव्हता. लहान जॉब फटीत ओढला जाऊन बोटांना इजा होण्याचा किंवा चाक तुटण्याचा धोका होता. मी फोरमनना सांगितलं. फिटरनी मेन स्विच बंद करून, चाक थांबल्यावर रेस्ट पुढं घेतला. फट पुन्हा वाढणार म्हणून मी 3 मिमीची पट्टी ग्राइंडरपाशी साखळीने टांगली, म्हणजे ऑपरेटरला काम सुरू करण्याआधी तपासता येईल. महिन्याभरात ती पट्टी दुसऱ्या कामाला नेली गेली. मग लाल रंगाची नवी पट्टी करून तिची कडी वेल्ड करून घेतली. मी तिथून निघेपर्यंत ती जागेवर होती.

तुमच्याकडे प्रेस शॉप आहे. पॉवर प्रेसवर मी काम केलेलं नाही. तिथं दोन्ही हातांची बटणं खरोखर दोन्ही हातांनी दाबली जातात का आणि डाय बसवताना सेफ्टी ब्लॉक वापरला जातो का, हे मी आधी बघेन आणि तुमच्या सेटरकडून शिकेन. रोज फेरी मारून निअर मिसची नोंद ठेवणं आणि ती नोंद बंद झाली का हे पुन्हा जाऊन बघणं हे काम मी पहिल्या दिवसापासून करू शकतो. सुरुवातीला अशा नोंदी वाढतील, असं मला वाटतं.

मी फायर अँड सेफ्टीचा सहा महिन्यांचा कोर्स खासगी संस्थेतून केला आहे. कायद्यानुसार सेफ्टी ऑफिसरच्या जागेला लागणारा मान्यताप्राप्त डिप्लोमा माझ्याकडे अजून नाही, तो मी नोकरी करत पूर्ण करणार आहे. मला मराठी आणि हिंदी बोलता येते, कामापुरती कानडी येते.

भेटीसाठी कोणत्याही शिफ्टला येऊ शकतो.

आपला विश्वासू"

हे एका पानात बसतं. याहून वाढवू नकोस. ईमेलच्या विषयात जागेचं नाव आणि तुझं नाव लिही, फाइलला स्वतःचं नाव दे. 'फायनल-2' नावाची फाइल पाठवलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि सेफ्टीच्या माणसाच्या नोंदी कशा असतील याचा अंदाज तिथंच येतो.

बोलावलं तर तुला शॉपमध्ये एक फेरी मारायला लावतील, मी तरी नेहमी लावायचो. गेटपासून कँटीनपर्यंत जाऊन ये आणि तीन गोष्टी सांग, एवढंच म्हणायचो. एकानं मला "पीपीई कमी वापरतात" असं सांगितलं होतं. कोण, कुठं, काय वापरत नव्हता, हे विचारल्यावर तो गप्प झाला. दुसरी एक मुलगी आली आणि म्हणाली, पेंट स्टोअरच्या दारातल्या एक्स्टिंग्विशरपुढं पॅलेट ठेवलंय, आणि त्याचा काटा लाल पट्ट्यात आहे. ती पुढं आमच्याकडं चार वर्षं होती. तू फिरशील तेव्हा पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल, कुठल्याही मशीनला हात लावू नकोस, आणि जे बघशील ते जागा आणि माप धरून सांग.

आणि त्या दिवशी सँडल किंवा चकचकीत बूट नकोत. अप्रेंटिसशिपमधले सेफ्टी शूज पुसून घालून जा.